दुसऱ्या खात्यातला शनिवार

आमचे हे, सुमंतराव, सुप्याच्या कारखान्यात सुपरवायझर. दर शनिवारी मारुतीचा कडक उपवास धरतात. घराच्या कर्जासाठी बँकेत गेलो, तर लीनामॅडमनी पगाराची स्लिप आणि खात्याचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवलं.

"स्लिपवर हातात चौतीस हजार, खात्यात सहाही महिने एकतीसच. बाकीचे कुठंयत? जुळल्याशिवाय कर्ज नाही."

हे माझ्याकडं न बघता पुटपुटले, "कंपनी तीन हजार दुसऱ्या खात्यात टाकते."

"मग त्याचंही स्टेटमेंट द्या."

ते आलं. दरमहा कंपनीच्या नावानं तीन हजार जमा, बेरीज जुळली. खाली दर शनिवारी एकच खर्च: मटण खानावळ, साडेतीनशे.

"मॅडम, कर्ज मिळेल ना?" मी विचारलं.

"मिळेल."

"मग हप्ता तीन हजारांनी जास्तच ठेवा. मारुतीरायाचीच इच्छा दिसतेय."