तीन रजांचा एक अर्ज

पोलादपूरच्या पंचायत समितीत आस्थापनेचं टेबल माझ्याकडे होतं, तेव्हाची गोष्ट. मासिक सभेत कापडे गावाकडची एक ग्रामसेविका सगळ्यांसमोर उभी राहिली. "माझ्या सेवापुस्तकातली नोंद आठ महिने राहिली आहे. भाऊसाहेब पुस्तक उशाला घेऊन झोपतात का?" सभा खो खो हसली. गटविकास अधिकारी साहेबही हसले. मी नाही विसरलो.

मार्चमध्ये तिचा अर्ज आला. पहिलंच बाळंतपण, अंदाजित तारीख १८ मे, सोबत महाडच्या डॉक्टरबाईंचा दाखला. ४ मेपासून १८० दिवस प्रसूती रजा. त्या रजेच्या आधी १५ एप्रिलपासून एकोणीस दिवस आणि नंतर तीस दिवस अर्जित रजा जोडून मिळावी. पाय सुजतात, मोटरसायकलवर चढ चढवत नाही, असंही तिने लिहिलं होतं. मला तेवढंच हवं होतं.

आधी म्हणालो, दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. ती एसटीने महाडला जाऊन शिक्का मारून घेऊन आली. मग म्हणालो, "रजा अशा जोडता येत नाहीत, मॅडम. वेगवेगळे अर्ज करा."

"नियम दाखवा ना."

"नियम कपाटात आहे. चावी घरी राहिली."

चावी माझ्या खिशात होती. प्रसूती रजेला दुसरी रजा जोडता येते, हे मला पाठ होतं. अर्जित रजा शिल्लकही भरपूर होती. फाईल मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली आणि त्या दिवशी जेवण मला फार गोड लागलं.

पंधरा तारीख उलटली. मंजुरी नाही म्हणून ती कामावरच होती. पाणीटंचाईच्या पाहणीला डोंगरातल्या वाडीवर कोणाला पाठवायचं, त्या यादीत तिचं नाव मीच घातलं. वीस तारखेला ती टेबलासमोर येऊन उभी राहिली. चेहरा रापलेला, चप्पल पायात मावत नव्हती.

"तोंडी नको, भाऊसाहेब. त्रुटी लिहून द्या, खाली सही करा."

सूडाच्या तोऱ्यात मी दिली. ती कागद घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. पाच मिनिटांत मला बोलावणं आलं.

"हे कुठल्या नियमात आहे?" साहेबांनी विचारलं.

मग त्यांनी नियमांचं पुस्तक मागितलं. मी कपाटाची चावी खिशातून काढली तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत होती. साहेबांनी नियम वाचला आणि एकवीस तारखेपासून रजा मंजूर केली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बारशाला या हो. नावात त्रुटी काढायला कोणीतरी लागेल."

ती कठडा धरून, एकेक पायरी थांबत खाली उतरली. खरं सांगतो, तेव्हाही मला बरंच वाटत होतं. तिचं बाळ सुखरूप झालं म्हणून ही गोष्ट मी लिहू तरी शकतो.

आधीच्या रजेतले तिचे सहा दिवस वाया गेले होते. ते मी तिच्या खाती शिल्लक दाखवले. नोंद अगदी बिनचूक होती.