आराम आहे ना?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये माझा दवाखाना होता. पेशंट सिंधी, मराठी, भय्ये, सगळेच. त्यामुळे माझं मराठी अर्धं हिंदी झालं होतं आणि मला त्याचं कौतुकच वाटायचं. त्या धेडगुजरी बोलण्याने एका माणसाचा पाय गेला. बोलण्याने गेला म्हणणं ही पळवाट झाली. माझ्यामुळे गेला.

तो अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. पंचेचाळिशीचा, शांत, दहा वर्षांचा डायबेटिस. उजव्या अंगठ्याखाली जुना घट्टा होता, त्याच्या मधोमध छोटी जखम. दुखत नव्हतंच. तळव्याची जाणीव गेल्यामुळे दुखत नव्हतं, ही गोष्ट त्याला माहीत नव्हती. मला होती.

बरोबर आलेली बायको म्हणाली, भारी इंजेक्शन द्या. मी तिला ऐटीत समजावलं. ताप नाही, लाली जखमेभोवती बोटभरच आहे, म्हणजे इन्फेक्शन सौम्य. अशाला त्वचेवरचे नेहमीचे जंतू मारणारी साधी कॅप्सूल पुरते. लाली पसरली, पू खोल गेला, ताप चढला तरच तोफा काढायच्या. हे सगळं बरोबर होतं, आजही मी हेच सांगेन. जखमेवर दाब देणारा घट्टा मात्र मी तासला नाही. वर मलमपट्टी केली, शुगरच्या गोळ्या वाढवल्या आणि शेवटी म्हणालो, "पायाला आराम द्या."

आठवड्याने तो आला तेव्हा लाली ओसरली होती. जखम तशीच होती. मी विचारलं, "आराम आहे ना?"

"आराम आहे साहेब, एकदम," तो म्हणाला.

आमच्या भागात आराम म्हणजे दुखणं कमी होणं. 'दवा से आराम है क्या' असं मीच दिवसातून पन्नास वेळा विचारायचो. मी विचारत होतो की पाय टेकत नाही ना, आणि तो सांगत होता की बरं वाटतंय. दोघंही खरं बोलत होतो. लाली गेली म्हणून मी कॅप्सूल थांबवली, तेही बरोबरच. पण आठ तास लेथपुढे उभं राहून ज्याचा सगळा भार त्याच जखमेवर पडतो, तो माणूस रोज सकाळी कडक सेफ्टी शूज घालून कामावर जात होता. मी साधं विचारलं नाही की कामावर जाता का.

तीन आठवड्यांनी लाली परत आली, आता चार बोटं. मी औषध बदललं, जास्त जंतूंवर चालणारं दिलं. जखमेत सळई घालून खोली पाहिली नाही, मोठ्या हॉस्पिटलात धाडलं नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पुन्हा विचारलं, आराम आहे ना. पुन्हा तेच उत्तर आलं आणि मी समाधानाने पुढच्या पेशंटला हाक मारली.

पाचव्या दिवशी बायकोने त्याला रिक्षातून आणलं. थंडी वाजून ताप, पाय घोट्यापर्यंत सुजलेला, पट्टी सोडताच खोली वासाने भरली. मी स्वतः त्याला मुंबईच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. तिथे शिरेतून तीन-तीन अँटिबायोटिक्स लावली, त्याच दुपारी पू काढला, सडलेला भाग कापला. सर्जनने सळई घातली होती, ती थेट हाडाला टेकली. रक्तपुरवठाही धड नव्हता. आठवड्याने गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

सर्जनने मला बाजूला घेतलं. औषधं त्याने नावाजली, मग म्हणाला, "रोज चिरडल्या जाणाऱ्या जखमेला कुठली कॅप्सूल पुरणार, डॉक्टर?" कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी मऊ रबराच्या चपला बनतात, जखम भरल्यावर अशा पायांना त्या घालाव्यात आणि भरेपर्यंत पाय टेकूच देऊ नये, हेही त्यानेच सांगितलं. बैल गेला अन् झोपा केला, पण पुढे मी ते करत राहिलो. घट्टे तासले, चपला मागवल्या, कुबड्या दिल्या, कामावर न जाण्याच्या चिठ्ठ्या लिहिल्या. तो एक शब्द मात्र मी दवाखान्यातून काढून टाकला. आता विचारतो, काल दिवसभरात पाय कितीदा जमिनीला टेकला?

काही महिन्यांनी तो कुबड्या घेऊन साध्या खोकल्यासाठी आला. माझ्याकडेच आला, याची मला जास्त लाज वाटली. दुसरा पाय मी जमिनीवर बसून तपासला, बोटांच्या बेचक्यासुद्धा. सांगितलं की चुकलं माझं, तुम्हाला कामावर जाऊ नका म्हणायला हवं होतं.

 तो अजिबात न चिडता म्हणाला, "असं म्हणाला असतात तर नसतो गेलो, साहेब. सुट्टी शिल्लक होती."