सुरमईच्या जागेवरचा बर्फ

आमच्या घरातलं सर्वांत महागडं स्थावर म्हणजे फ्रीझरचा वरचा कप्पा. तारकर्लीच्या रस्त्याला किनाऱ्यालगतची गुंठाभर जागा एक वेळ मिळेल, पण मे महिन्याच्या अखेरीस आमच्या फ्रीझरमध्ये बोटभर जागा मागणारा माणूस जिवंत परतलेला मी पाहिलेला नाही. मासेमारी बंद व्हायच्या आधी बायको तिथे सुरमई अशी रचते की किल्ल्याच्या तटबंदीतही तितके सांधे जुळलेले नसतील. त्या तटबंदीवर मी बर्फासाठी चाल करून गेलो, ती ही हकिगत.

कारण होतं काचेचा मनोरा. कचेरीतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, मी ऑनलाइन गेलो. पेटी आली ती एवढी मोठी की टेम्पोवाल्याने विचारलं, देवघर मागवलंत काय. आत लाकडी उभा सांगाडा. सगळ्यात वर बर्फ आणि पाण्याचं गोल भांडं, त्याच्या बुडाला बारीक तोटी. मध्ये कॉफीच्या पुडीची नळी, तिच्या तळाशी गाळणी. सगळ्यात खाली थेंब झेलणारी काचेची सुरई. शिवाय हाताने फिरवायची दळणी आणि सोनाराला लाज वाटेल असा वजनकाटा. एवढी सामग्री घेऊन माणूस एक तर चंद्रावर जातो किंवा कॉफी पितो.

शेजारणी एकेक करून बघून गेल्या. एकीने तर बाहेर चपला काढल्या आणि हात जोडले. त्यात तिची चूक नाही. वर पाण्याचं पात्र, त्यातून खाली संथ ठिबकणारा थेंब. आमच्याकडे असं दृश्य महादेवाच्या गाभाऱ्यातच दिसतं. आईने नळीतल्या काळ्या पुडीकडे पाहून विचारलं, "ह्यो खंयचो देव रे?"

खरा शत्रू मात्र मेव्हणा. त्याच्या दोन खोल्या तारकर्लीला पर्यटकांसाठी आहेत आणि तिथे तो कोल्ड ब्रू नावाची गोष्ट विकतो. कृती अशी: लोणच्याच्या बरणीत जाडीभरडी कॉफी टाकायची, थंड पाणी ओतायचं, झाकण लावून रात्रभर विसरायचं, सकाळी फडक्यातून गाळायचं. विसरणं हा त्याचा जन्मजात गुण असल्यामुळे कॉफी उत्तम होते. त्याचं म्हणणं, पाणी थंड, कॉफी तीच, मग मनोरा कशाला? मी सांगितलं, तुझ्या बरणीत पुडी त्याच पाण्यात बुडून राहते, म्हणून कॉफी जड, गोलसर आणि दाट. माझ्याकडे प्रत्येक थेंब नवा. तो पुडीतून एकदाच जातो, जाताना वास आणि चव घेऊन उतरतो, म्हणून कॉफी हलकी आणि स्वच्छ, जणू फळाचा रस. तो म्हणाला, "भावोजी, रसच होयो तर कोकम खंय गेला?"

बायकोने हे सगळं ऐकून निकाल राखून ठेवला. रविवारी संध्याकाळी दोन्ही कॉफ्या तिच्यापुढे ठेवायच्या. फरक कळला तर फ्रीझरचा कप्पा माझा. नाही कळला तर मनोरा माळ्यावर, जिथे माझा व्यायामाचा पट्टा आणि बासरी आधीपासून विश्रांती घेत आहेत.

रविवारी सकाळी मी शस्त्रक्रियेच्या गांभीर्याने कामाला लागलो. कॉफी दळली रव्याएवढी. बरणीला चालते तशी जाड दळली तर पाणी चव न घेताच निसटतं, पीठ केलं तर वाटच तुंबते. पुडी थोड्या पाण्याने आधी सगळीकडून ओली केली, कारण कोरडी राहिली तर थेंब एकाच ठिकाणी बीळ पाडून पळतो. वर कागदाची गोल चकती ठेवली, म्हणजे थेंब पसरून झिरपतो. बर्फ शेजाऱ्यांकडून उसना आणला आणि पाण्यासह वरच्या भांड्यात घातला. तोटी फिरवून फिरवून सेकंदाला एक थेंब असा ताल बसवला. आता चार-पाच तासांचा प्रश्न होता.

नेमकं त्याच दिवशी फोंडाघाटला लग्न. बायको घरीच थांबणार होती, पण निकाल तिचा, म्हणून मनोऱ्याची राखण आईकडे. वरचं पाणी उतरलं की त्याचा दाब कमी होतो आणि थेंब मंदावतो, तेव्हा तोटी केसभर सैल करावी लागते. मी हे आईला नीट समजावायला हवं होतं. पण गाडी दारात हॉर्न वाजवत होती, म्हणून निघता निघता एवढंच म्हणालो, "आई, थेंबाकडे लक्ष ठेव."

लग्नात मी मेव्हण्याशेजारी जेवलो. जिलबीगणिक तो मला माळ्याच्या शिडीची आठवण करून देत होता.

परत आलो तर आई मनोऱ्यासमोर पाटावर बसलेली, हातात तांब्या, चेहऱ्यावर व्रत पार पाडल्याचं समाधान. वरचं भांडं काठोकाठ. खालची सुरईही काठोकाठ, आणि आत काय होतं? चहाची किटली विसळल्यावर निघतं तसलं फिकट पाणी.

"थेंबो बारीक पडाक लागलो," आई म्हणाली, "म्हणान मी पाणी घालीत रवलंय. धार तुटूक नये."

अभिषेकाची धार तुटू द्यायची नाही, हे तिने आयुष्यभर पाळलेलं. निथळून गेलेल्या पुडीतून विहिरीचं पाणी भक्तिभावाने उतरत होतं. मेव्हण्याने सुरई उजेडात धरली, तळहातावर चमचाभर घेतलं, तीर्थासारखं प्राशन केलं आणि हात डोक्यावरून फिरवला.

मी गुपचूप शिडी शोधायला निघालो. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली. हातात दोन पेले. दोन्हीतली कॉफी काळी. एक मेव्हण्याने येताना आणलेल्या बरणीतली, हे मी ओळखलं. दुसरी कुठली?

झालं होतं असं: दुपारी सुरई पहिल्यांदा भरत आली, तेव्हा माझं पाणी संपून आईचं नुकतंच सुरू झालं होतं. फरशी ओली होईल म्हणून बायकोने सुरई स्टीलच्या डब्यात रिकामी केली, डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि सुरई परत थेंबाखाली लावली. आईला थांबवलं का नाही, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की सासूचा अभिषेक मोडायला सांगणाऱ्या माणसाची अक्कल किती ते मला कळलं.

तिने आधी भावाची कॉफी घेतली. मग डब्यातली. मग पुन्हा भावाची. किनाऱ्यावरची भरतीसुद्धा थांबली होती, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे.

"तुझी बरी आसा," ती भावाला म्हणाली, "पण दोन घोटांत पोट भरता. ही पियाल्यार परत होयी वाटता."

मी मनोऱ्याला मिठी मारणार होतो, पण काच. मेव्हणा म्हणाला, बहीण असून फितूर झाली. पण लढाई इथे संपली नव्हती. कप्पा मला मिळाला, मग तटबंदी जाणार कुठे? बायकोने फ्रीझर उघडला, बर्फाएवढी थंड राहून सुरमईचे पुडे पिशवीत भरले आणि पिशवी भावाच्या हातात दिली.

"तुझ्या बरणीक बर्फ लागना नाय. म्हणजे तुझो फ्रीझर रिकामो."

हरलेल्या माणसाने इतक्या आनंदाने शिक्षा भोगलेली मी पाहिली नाही. पिशवी गाडीला लावताना तो शीळ वाजवत होता. आता दुपारी माझ्याकडे बर्फ ठिबकतो, आई पाटावर बसून त्यावर लक्ष ठेवते, तांब्या मात्र मी कुलपात ठेवला आहे. आणि सुरमई खायची झाली की आम्ही तिघं तयार होऊन तारकर्लीला मेव्हण्याकडे पाहुणे म्हणून जातो. तो प्रत्येक वेळी आग्रह करून वाढतो आणि म्हणतो, लाजू नका, आपलंच समजा.