डाव्या कुशीवरची स्वप्नं

कल्याणच्या आमच्या मॅटर्निटी होममध्ये दर मंगळवारी गरोदर बायकांची तपासणी असते. मी तिथली सिस्टर. वजन, बीपी, लघवीची तपासणी, एवढंच माझं काम, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात बाई वजनकाट्यावर चढते आणि सुरू होते, "सिस्टर, आज पहाटे काय स्वप्न पडलं माहितीये?" हातवारे करत सांगते, त्यामुळे काटा हलत राहतो आणि मला वजन तीनदा घ्यावं लागतं. बावीस वर्षांत दुसऱ्यांची इतकी स्वप्नं ऐकलीत, की स्वतःची पडायची बंदच झालीत.

* * *

ठाण्याची एक बँकवाली यायची. हुशार, फाइल नीट लावलेली, प्रश्न मोबाइलमध्ये लिहून आणलेले. पाचव्या महिन्यात तिने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, सोनोग्राफीत सगळं माणसाचंच दिसतंय ना?"

आमच्या डॉक्टर मॅडमनी चष्मा काढला. या बँकवालीला स्वप्नात मांजर झालं होतं. करडं, पट्ट्यापट्ट्यांचं. आणि नवल म्हणजे स्वप्नात कुणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं. सासूबाईंनी तर सोसायटीत पेढेही वाटले.

"पेढे? मग बोका असणार," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या बाईचा केसपेपर मागवला.

मांजरी, कुत्र्याची पिल्लं, मासे हे तर नेहमीचंच. पाणी तर प्रत्येकीच्या स्वप्नात. एकीचं बाळ जन्मल्या जन्मल्या बोलायला लागलं आणि पहिलं वाक्य काय, तर "आई, माझं आधार कार्ड काढलंस का?" ती खरंच कागदपत्रं विचारायला आली होती.

* * *

डोंबिवलीचा एक नवरा एकटाच आला. बायकोच्या स्वप्नात तो ऑफिसातल्या कुणा बाईबरोबर निघून गेला होता आणि दोन दिवस घरात अबोला होता.

"सिस्टर, मी तेव्हा तिच्या बाजूलाच झोपलेलो. घोरत होतो, तीच सांगते. तरी ऐकत नाही."

"मग मी काय करू?"

"मॅडमच्या लेटरहेडवर लिहून द्या ना, की गरोदरपणात अशी स्वप्नं पडतात. सही-शिक्का असला की ती मानेल."

आम्ही आजारपणाचं, फिटनेसचं सर्टिफिकेट देतो. नवऱ्याच्या चारित्र्याचं देत नाही. मी त्याला बायकोलाच घेऊन यायला सांगितलं. मॅडमनी तिला समजावलं, की शरीर बदलतं, नवरा आपल्याला सोडून जाईल की काय ही भीती पुष्कळ जणींना वाटते आणि तीच स्वप्नात येते. तिने शांतपणे ऐकलं. जाताना मला हळूच विचारलं, "पण सिस्टर, त्या बाईने माझीच साडी का नेसली होती?"

* * *

सासवांबद्दल बोलावं तेवढं थोडं. भिंतीवर मोठा बोर्ड आहे, गर्भलिंग तपासणी इथे होत नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. तर एक आजी बोर्डाखालीच बसून म्हणाल्या, "मशीन नको हो. सुनेच्या स्वप्नात नाग आला, तेवढं सांगा, म्हणजे काय?"

"म्हणजे तिला झोपेतून मध्येच जाग आली," मी म्हटलं.

आजींना वाटलं मी उडवून लावतेय. खरं तर मी त्यांना अगदी डॉक्टरी उत्तर दिलं होतं. झोप फेऱ्याफेऱ्यांनी येते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी स्वप्नांचा टप्पा असतो. पहाटेकडे तो लांबत जातो. एरवी आपण त्यातून सरळ पुढे झोपतो, सकाळी काही आठवत नाही. गरोदर बाईला मात्र लघवीला उठावं लागतं, छातीत जळजळतं, पोटरीत गोळा येतो, पोटात लाथ बसते. स्वप्न चालू असतानाच जाग येते, म्हणून ते लख्ख लक्षात राहतं. त्यात हार्मोन्सचीही भर असते, आणि दिवसभराची काळजी रात्री वेगळा वेष घेऊन येते. त्यातून मुलगा, मुलगी, शुभ, अशुभ काही कळत नाही.

हे मी बावीस वर्षं सांगतेय. भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना भिंत मान डोलवायला लागली असती.

* * *

आणि वैशाली. मोहने गावची. पहिलं चौथ्या महिन्यात गेलेलं, त्यामुळे या वेळी घरचे सगळे श्वास रोखून होते. सातव्या महिन्यापर्यंत सगळं व्यवस्थित होतं. मग तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं.

"मी बाळाला विसरते, सिस्टर. रोज. एकदा भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवून आले. एकदा कपाटात डब्यांच्या मागे. काल रिक्षातच राहिलं." तिने पोटावर हात ठेवला. "पहिल्याला सांभाळता आलं नाही. आता हे पण जाणार, म्हणून दाखवतंय का कोणी?"

बाळाला कुठेतरी विसरण्याचं स्वप्न तर सगळ्यात जास्त जणी सांगतात, अगदी तीन मुलांच्या आयासुद्धा. पहिलं गेलं त्यात तिची काही चूक नव्हती. हे सगळं मॅडमनी सांगितलं, मी सांगितलं. तरी पुढच्या मंगळवारी स्वप्नं दुप्पट. एका रात्रीत पाच. आता ती झोपायलाच घाबरत होती, बीपीही चढायला लागलं होतं.

एका रात्रीत पाच लक्षात राहतात कशी, हे मला कळेना. मी नवऱ्याला आत बोलावलं. "रात्री किती वेळा उठते ही?"

"सात-आठ वेळा. मीच उठवतो ना. दर तासाला अलार्म लावलाय."

"कशाला?"

"तुम्हीच सांगितलेलं ना सिस्टर, डाव्या कुशीवर झोपायचं. ती झोपेत वळते. मग चेक करतो आणि परत वळवतो."

त्याची आईसुद्धा पाळीपाळीने ड्युटी करत होती. एक रात्र हा, एक रात्र ती. मी कपाळावर हात मारून घेतला. कुशीवर झोप म्हणजे झोपताना कुशीवर झोप, पाठीवर जाग आली तर वळ आणि पुन्हा झोप, इतकाच अर्थ. हे वाक्य मी हजारो जणींना सांगितलंय, अर्धवट. घाईत. चिडले ती त्यांच्यावर की स्वतःवर, अजून ठरलेलं नाही.

अलार्म माझ्यासमोर डिलीट करायला लावला. स्वप्नं कमी झाली, बीपी खाली आलं. पण भीती काही पूर्ण गेली नाही. प्रसूतीनंतरही तीन दिवस वैशाली डोळे उघडे ठेवून पाळण्याकडे बघत बसायची.

* * *

घरी सोडायच्या दिवशी सकाळी अकराला मोहन्याहून सात माणसं आली. बाळाला विसरायचं नाही, हा घरातला एकच अजेंडा. सासूबाईंनी नातीला छातीशी धरलेलं, नणंदेकडे दुपटी, दिराकडे डिंकाचे लाडू आणि फाइल. नवऱ्याने दारात उभं राहून मोठ्याने यादी वाचली. बाळ, बाळाची टोपी, बाळाचा डोस लिहिलेलं कार्ड, बाळाची गादी. दोन रिक्षा भरल्या आणि गेल्या. हुश्श म्हणत मी खाटेवरची चादर बदलायला आत वळले.

पाच मिनिटांत फोन. नवरा.

"सिस्टर... आम्हाला वाटलं ती मागच्या रिक्षात आहे. मागच्यांना वाटलं पुढच्या. वैशाली तिथेच आहे का?"

मी पॅसेजमध्ये बघितलं. बाकड्यावर, पिशवी उशाला घेऊन, वैशाली गाढ झोपली होती. अडीच-तीन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा अशी बघत होते. तोंड थोडं उघडं, एक चप्पल खाली पडलेली.

"आहे. झोपलीय. बाळ?"

"आईच्या मांडीवर. निघतानाच प्यायलेलं ना, तेही झोपलंय. आम्ही वळतोय, दहा मिनिटांत पोचतो. तोपर्यंत उठवून ठेवा ना तिला."

"नाही," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.