दादांचा वस्तरा

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, परतूरला बसस्टँडजवळ सलून चालवतात. दारूच्या थेंबाला न शिवलेला हा माणूस, आणि मागच्या साली गावभर बोभाटा काय, तर दादा प्यायला लागले. ऐकून माझं डोकंच फिरलं.

झालं एवढंच होतं की दुपारच्या आत त्यांचा हात थरथरायचा. सकाळी नुसता गोड चहा आणि जिलेबी पोटात गेली की दोन-तीन तासांनी घाम फुटायचा, छाती धडधडायची, भुकेनं जीव कासावीस व्हायचा. मग दादा वस्तरा खाली ठेवायचे. गिऱ्हाइकाची दाढी अर्धी राहिली तरी ठेवायचे. कुणीतरी दया येऊन पुन्हा गोड चहाच पाजायचं, थोड्या वेळात बरं वाटायचं, आणि जेवण लांबलं की परत तेच. उपाशीपोटी तपासलेली साखर दरवेळी बराबर निघायची. त्यामुळे तपासणारे अशक्तपणावर खापर फोडून मोकळे.

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्रास सुरू होताच आणा, म्हणजे कळेल. दुसऱ्याच दिवशी मी दादांना स्कूटीवर बसवून नेलं, घामानं भिजलेले. साखर पन्नासच्याही खाली. खात्रीसाठी शिरेतलं रक्त घेतलं आणि लगेच साखरपाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत हात स्थिर. पोटाचं ऑपरेशन, कुठली औषधं, सगळं विचारून झाल्यावर बाईंनी सांगितलं की मधुमेह नाही. रिकाम्या पोटी गोड पडलं की साखर झरकन चढते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर नको इतकी खाली येते. थोडं थोडं, वेळेवर खा. भाकरी, वरण, अंडी, शेंगदाणे. रिकाम्या पोटी गोड बंद.

दादांनी ते पाळलं. माझ्यासारखी चहाची भक्त असती तर आठवड्यात हार मानली असती. त्रास थांबला, बोभाटा मात्र थांबेना. जावळासाठी तर त्यांना कुणी बोलवेनाच, आणि बाळाचं पहिलं मुंडण हाच त्यांच्या हाताचा खरा मान.

काही महिन्यांनी एका घरून बोलावणं आलं. मीही सोबत गेले. बाळ मामाच्या मांडीवर बसवायचं होतं, पण आजीनं ते छातीशी घट्ट धरून ठेवलं. सगळ्यांसमोर तिनं विचारलं, हात थरथरला तर?

दादा शांतपणे म्हणाले, "थरथरला तर थांबन, माय. इतक्या वर्षांत थरथरत्या हातानं कुणाच्या गालाला वस्तरा लावला न्हाई. लेकराच्या डोक्याला कसा लावन?"

मग आजीनं बाळ मामाकडे दिलंच नाही. स्वतःच्या मांडीवर बसवलं, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि दादांपुढे केलं.