जानेवारीतली शिराझ

बुऱ्हाणपुरात केळी सोडून दुसरं काही लावलं की लोक आधी तब्येत विचारतात. इच्छापूरच्या रस्त्यावर दोन एकरांत वाइनची द्राक्षं उभी राहिली तेव्हा काकांनाही तसंच विचारलं गेलं. काका माझे कुणी नात्यातले नाहीत. सासरच्या ओळखीतले, तीन पिढ्यांचे केळीवाले. मी लग्नाआधी नाशिककडच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत होते. इथे आल्यावर गप्प बसवेना, म्हणून काकांच्या मागे लागून लागून शिराझ या लाल वाइनच्या काळ्या द्राक्षाच्या वेली मीच लावायला लावल्या. त्यामुळे लोकांच्या थट्टेतला अर्धा वाटा हक्कानं माझा होता.

पहिल्या पिकाला मी नाशिकचंच पंचांग वापरलं. ऑक्टोबरात छाटणी, फेब्रुवारीच्या शेवटी तोडणी. नाशिकला जे जमतं ते इथे न जमायला काय झालं, अशी माझी ऐट होती. फेब्रुवारी निम्मा झाला आणि इथलं ऊन तापायला लागलं. रोज सकाळी मी रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून साखर बघायची, तर ती धावत सुटलेली. पण मणी चावून बघितला की बी हिरवी आणि कडवट. बी तपकिरी झाल्याशिवाय साल पिकत नाही आणि साल पिकल्याशिवाय लाल वाइनला अंग येत नाही, हे मला घोकून पाठ होतं. मी थांबले. आठ दिवस थांबले, मग अजून पाच दिवस. तेवढ्यात घडाच्या खांद्यावरचे मणी सुकून बेदाणे व्हायला लागले.

काका एकदाच म्हणाले, "बेटा, थोडं कच्चंच काटून घेऊ ना. आपल्या रायपनिंग चेंबरमध्ये ठेवू, पक जाएगा."

मी हसून हसून बांधावर बसले. केळं तोडल्यावर पिकतं, द्राक्ष नाही. तोडलं त्या क्षणाला जे आहे तेच राहतं. काकांना ते पटलं, पण माझं हसणं पटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. मी तेव्हा जरा शहाणीच होते.

ती द्राक्षं नाशिकला गेली आणि माझ्या जुन्या सरांनी त्यांची एक छोटी टाकी वेगळी आंबवली. सर म्हणजे तिथले वाइनमेकर, माझे गुरू, आणि गोड बोलणं ज्यांना कधी जमलं नाही असे गृहस्थ. काही महिन्यांनी त्यांनी मला बोलावून दोन ग्लास पुढे ठेवले. दोन्हीत शिराझ, दोन्ही वेली एकाच रोपवाटिकेतल्या. एक त्यांच्या बागेतली, एक आमची. त्यांची घोटभर घेतली की तोंडाला पाणी सुटत होतं. आमची जॅमसारखी गोडसर वासाची, जाड, आणि गिळल्यावर घशात जाळ. अल्कोहोल साडेपंधरा टक्के.

"साखर जेवढी, तेवढी दारू," सर म्हणाले. "यीस्ट बिचारं मिळेल ते खातं. त्याला काय कळतंय बुऱ्हाणपूर?"

"पण आंबटपणा कुठे गेला?"

"तुमच्या वेलींनीच खाल्ला. रात्री गार असल्या की आंबट टिकून राहतं. रात्र गरम असली की वेल ते जाळून टाकते. उन्हात साखर पुढे पळते, आंबट मागे सरतं, आणि साल-बिया आपल्या वेळेनंच चालतात. तू त्या बियांची वाट बघत बसलीस आणि बाकी सगळं हातातून गेलं. मी दोन वर्षं फार थंड मुलखात काम केलंय. तिकडे उलटं रडगाणं असतं. साखरच भरत नाही, वाइन पातळ आणि लिंबासारखी आंबट. लोक उन्हाला नवस करतात."

मी टार्टरिक आम्लाचं नाव काढलं. ते रसात घालायला परवानगी असते, आम्ही घालतोही. सरांनी मान हलवली. "घातलंय त्यात. शेवटी वरून लिंबू पिळलेल्या भाजीसारखं लागतं. पुढच्या वर्षी अजून एक टाकी देतो. पुन्हा असंच आलं तर तुमची द्राक्षं मला नकोत."

परत आल्यावर काकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे. और एक साल. नाही जमलं तर वेली उपटून केळी लावतो. जमीन खाली नाही ठेवत आम्ही."

मला रात्रभर मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं लिहिलं तर घरचे हसतील, कारण मी गाढ झोपले होते. पण सकाळी उठले ती तोच विचार घेऊन. नाशिकची हवा उचलून इथे कशी आणायची? सावलीसाठी पानं जास्त ठेवू, पाणी बदलू, असं मी काकांच्या ओट्यावर बसून बडबडत होते. काकू समोर मेथी निवडत होत्या. काका ऐकत होते, मग मध्येच म्हणाले, "एक सांग. तुझा अंगूर गर्मीतच का पकवायचा?"

"म्हणजे?"

"हमारे केळीचं बघ. मृगात लावली तर मृगबाग, पाऊस संपता लावली तर कांदेबाग. घड कधी हवाय ते लावतानाच ठरवतो आम्ही. इथे जानेवारीत स्वेटर निघतं ना? मग तेव्हाच पकव."

काकू मान वर न करता म्हणाल्या, "एवढं शिकून हे नाही सुचलं का हिला?"

नाही सुचलं. मी बाग उचलून थंडीत न्यायला निघाले होते, आणि छाटणी महिनाभर आधी ओढली की थंडीच बागेत येणार होती. छाटल्यापासून चार-साडेचार महिने धरले की तोडणी जानेवारीत.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भर पावसाळी हवेत छाटणी केली. सर फोनवर ओरडलेच, "डाऊनी येईल!" आली. कोवळ्या पानांवर त्या बुरशीचे तेलकट डाग पडले, फवारण्या करून करून काकांची माणसं कंटाळली, आणि एक चतुर्थांश घड गेलेच. काका रोज सकाळी बागेत फेरी मारून वाळलेले घड मोजायचे. मी मनात रोज माफी मागायची.

पण जानेवारीत मणी काळेनिळे झाले, आणि या खेपेला साखर सावकाश चढली. बी तपकिरी झाली तेव्हा रिफ्रॅक्टोमीटरवर साखर तेवीस, आणि मणी चावला की गालात चिमटा. मी बांधावरच ओरडले. पहाटे कानटोप्या घालून तोडणी केली आणि गार गाडीतून माल नाशिकला गेला.

सरांचा फोन उन्हाळ्यात आला. मी काकांच्याच ओट्यावर होते. "अल्कोहोल साडेतेराच्या आत," ते म्हणाले. "आंबट आमच्याइतकं नाही. आमच्यासारखी नाहीच ही. मऊ आहे, पण उभी आहे. यापुढे तुमची द्राक्षं घेतो. पुढच्या वर्षी दोन टाक्या ठेवीन."

मी फोन ठेवला. काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, या वाइनलाही लावणार नव्हते.

"बोल. उपटायच्या का ठेवायच्या?"

"ठेवायच्या, काका."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. मग विचारलं, "आंबट आहे?"

"आहे."

"बस." त्यांनी पंचानं तोंड पुसलं, पुसतच राहिले. "जिंदगीभर लोकांना गोड खिलवलं. आता आंबट पिकवता आलं बघ."

मला हसायचं होतं. मी भोकाड पसरलं, आणि काकू "मेली पोरगी!" म्हणत पाणी आणायला धावल्या.