तळघरातलं हजेरीचं मशीन

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी ऑफिस सांभाळायचो, तिथे अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा पेढे वाटले होते. संचालक सरांनी तेव्हाच नांदेडला दुसरी शाखा उघडली होती आणि तिथल्या कुणा मित्राकडे तसं मशीन पाहून ते भारावून परतले होते. मुलांनी अंगठा लावला की पालकांना मेसेज, मास्तरांनी लावला की सरांना. मला मेसेज नव्हता, मला हिशेब होता. अहमदपूरच्या शाळेत कारकुनी करून मी इथे आलो होतो, म्हणून सगळे मला भाऊसाहेब म्हणत. नावात साहेब असला तरी काम ओझ्याचंच होतं.

मशीन बसवलं तळघरात. वर पालकांना बसायला काचेचं ऑफिस हवं होतं, भिंतीवर गुणवंतांचे फोटो हवे होते, त्यात हे डबडं शोभेना. तळघरात गाड्या लागत. तिथे उतरायला एक अरुंद जिना, खाली ट्यूबलाइट, एका बाजूला जनरेटर आणि भिंतीवर मशीन. सकाळी आठच्या बॅचची मुलं पावणेआठपासून जिन्यात उभी असत, पाठीवर दप्तरं घेऊन, एकमेकांच्या अंगावर. उन्हाळ्यात तिथे श्वास घेणंसुद्धा कामच वाटायचं.

मशीनचं सॉफ्टवेअर म्हणजे आणखी एक दुखणं. वर्षाची फी भरायची राहिल्यामुळे महिन्याचा रिपोर्ट निघत नव्हता. स्क्रीनवर नुसती यादी दिसायची. मग आमचा ऑपरेटर प्रत्येकाच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर टाकायचा. तारीख, आत, बाहेर, एकूण. मी तो बोटांनी मोठा करायचो आणि मोजायचो. डॉक्टर घडवायचा कारखाना, आणि त्याच्या फॅक्टरी मॅनेजरच्या डोळ्यांना चष्मा लागायची वेळ.

नियम सोपे होते. ड्युटी आठ ते चार. आठ दहापर्यंत सूट, आठ अकराला लेट मार्क. तीन लेट मार्कांना अर्धा दिवस कापायचा. दिवसाला आठ तास धरायचे. कमी भरले तर कमी, जास्त थांबलात तरी मशीन आठच्या पुढे मोजत नसे. आणि नवीन कलम असं, की महिन्यात दहाच्या वर लेट मार्क झाले किंवा आठ तासांच्या वर तूट आली, तर पुढच्या सत्राचा करार नाही. हे कलम सरांनी मीटिंगमध्ये हसत वाचून दाखवलं होतं, त्यामुळे सगळे हसले.

बायोलॉजीच्या मॅडम हसल्या नव्हत्या. त्या रेणापूरहून एसटीने यायच्या. घरी आजारी सासरे, मुलगी आठवीत, नवऱ्याचं काम कधी असे कधी नसे. घर त्यांच्या पगारावर चालायचं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शिकवायला एक नंबर. मुली त्यांच्या तासाला पहिल्या बाकासाठी भांडायच्या.

त्या महिन्याचा त्यांचा स्क्रीनशॉट सरांनी माझ्या आधी बघितला. मला केबिनमध्ये बोलावलं, कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. मॅडमनी चोवीस दिवस काम केलं होतं. एकशे ब्याण्णव तास व्हायला हवेत, भरलेत एकशे ब्याऐंशी पॉइंट बावन्न. तूट नऊ तास अठ्ठेचाळीस मिनिटं. सर म्हणाले, मॅडमचं पत्र तयार करा.

मी स्क्रीनशॉट घेऊन माझ्या टेबलावर आलो. माझा त्या आकड्यावर विश्वास बसेना. मॅडम दिवसाला अर्धा तास कमी भरतात असं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. मी एकेक ओळ कागदावर उतरवली. आत आठ पंधरा, बाहेर चार, एकूण ७.४५. आणि तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीन ७.४५ लिहितं ते सात तास पंचेचाळीस मिनिटं. तूट पंधरा मिनिटांची. पण कॅल्क्युलेटरला काय कळतंय? आठमधून ७.४५ वजा केले की तो ०.५५ दाखवतो आणि माणूस त्याला पंचावन्न मिनिटं समजतो. तास साठाचा असतो, कॅल्क्युलेटरने तो शंभराचा केला होता. ज्या दिवशी तूट, त्या प्रत्येक दिवशी फुकटची चाळीस मिनिटं मॅडमच्या डोक्यावर चढत होती.

मी सगळं मिनिटांत मांडलं. अठरा दिवस थोडी थोडी तूट होती, बाकीचे सहा दिवस पूर्ण. बेरीज दोनशे अठ्ठावीस मिनिटं, म्हणजे तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. आठ तासांच्या कितीतरी आत. मला इतका आनंद झाला की चहा सांगितला, स्वतःच्या पैशाने.

चहा येईपर्यंत लेट मार्क मोजले. चौदा. पुन्हा मोजले, आठ दहापर्यंतचे अंगठे बाजूला काढून. तरी चौदाच. तो चहा मला गेला नाही.

चौदा दिवस आठ बारा, आठ पंधरा, आठ एकोणीस. पण उरलेल्या दहा दिवशी आठला, आठ पाचला. एसटी एकच, मग हा फरक कसला? मी टेस्टचं वेळापत्रक समोर धरलं. ज्या दिवशी टेस्ट असे, त्या दिवशी मुलं नऊला येत. मॅडम वेळेत असत नेमक्या त्याच दिवशी. एका दिवशी गावात बंद होता, मुलं आली नव्हती. त्या दिवशीही मॅडम वेळेत.

दुसऱ्या दिवशी मी पावणेआठला गेटजवळच्या टपरीवर जाऊन बसलो. आठला दहा कमी असताना मॅडम आल्या. रस्ता ओलांडून आत आल्या, तळघराच्या तोंडाशी गेल्या, जिन्यातली मुलं बघितली आणि परत फिरल्या. मोकळ्या जागेत, भिंतीपासून चांगल्या लांब, पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या. आठला घंटा झाली. मुलं एकेक करून वर सरकली. शेवटचं पोरगं वर आल्यावर त्या खाली धावत गेल्या आणि तशाच धावत बाहेर आल्या. आठ चौदा. त्यांचा तास साडेआठचा. त्याला त्या कधीच उशिरा आल्या नव्हत्या.

मला विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. माणसाला खात्री करून घ्यायची खाज असते. त्या शांतपणे म्हणाल्या की त्यांचं माहेर भूकंपातलं. सहावीत होत्या. आई आणि धाकटा भाऊ शेजारीच झोपले होते. मॅडमना स्वतःला ढिगाऱ्यातून दुपारी बाहेर काढलं, त्या दोघांना संध्याकाळी. खोलीला खिडकी असली तर काही वाटत नाही, वर तिसऱ्या मजल्यावर त्या दिवसभर शिकवतात. चार वाजता जिना रिकामा असतो, तेव्हा श्वास रोखून जाऊन येतात. पण गर्दीत, जमिनीखाली पाय उतरत नाही.

त्या वर्षी आम्ही अहमदपुरात होतो. आमच्याकडे भिंतीला चिरा पडल्या, बाकी कुणाला खरचटलं नाही. तरी आई कितीतरी दिवस उशाशी तांब्यावर वाटी ठेवून झोपायची. जमीन हलली की वाटी पडेल आणि आपण जागे होऊ. रात्री उंदराने वाटी पाडली की आम्ही सगळे अंगणात. आमचं काही गेलं नव्हतं तेव्हा ही गत.

मी सरांकडे गेलो. आधी तासांचा हिशेब दाखवला. सर स्वतः गणिताचे. त्यांनी कागद बघितला, कान लाल झाले, आणि मग मोठ्याने हसले. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांचं बोट खाली सरकलं.

"आणि लेट चौदा, भाऊसाहेब. हे तर बरोबर हाय ना?"

मी कारण सांगितलं. सर दगडाचे नव्हते. त्यांनी कागद बाजूला ठेवला. मी म्हणालो, मशीन वर आणू; नाहीतर मॅडमची हजेरी गेटवरच्या वहीत घेऊ. सर म्हणाले की एकाला वही दिली की उद्या सगळे वही मागतील, आणि मशीन हलवायचं तर वायरिंग नव्याने करावं लागेल, नांदेडच्या शाखेत आधीच सगळा पैसा अडकून राहिलाय. मग त्यांनी तोडगा काढला. मॅडमनी अर्ज द्यावा. भूकंपाचं कारण लिहावं, जमलं तर सरकारी मदतीचा जुना कागद जोडावा. म्हणजे फाइलला काहीतरी राहील.

मी तो निरोप घेऊन गेलो. मॅडम स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या. ऐकून घेतलं. लाल पेनचं टोपण लावलं.

"भाऊसाहेब, आईच्या आन् भावाच्या नावावर आम्हाला तेव्हा पत्रे मिळाले, धान्य मिळालं. तेव्हा लेकरू होते, घेतलं. आता त्यांच्या नावावर रोजची चौदा-पंधरा मिनिटं मागू का मी?"

मी म्हणालो, मॅडम, घर तुमच्यावर चालतं, नुसत्या चार ओळी लिहायच्यात. मी लिहून आणतो, तुम्ही सही करा. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि पुढचा पेपर ओढला. मला त्यांचा राग आला. खरंच आला. असला मान काय चुलीत घालायचा, असं मनात म्हणत मी खाली आलो. तो राग सरांवर काढायची माझी हिंमत नव्हती, म्हणून तो मॅडमवर निघाला असावा.

पत्र मीच टाइप केलं. त्यात तासांच्या तुटीचा उल्लेख नव्हता, एवढीच माझी कमाई. सत्र संपलं तशा मॅडम गेल्या. जाताना मुली गेटपर्यंत रडत आल्या. नंतर कळलं की त्या रेणापुरातच घरी शिकवण्या घेतात, पाचवी-सहावीच्या. मुलगी क्लासला लातूरला यायची होती, ती आली नाही.

त्या पावसाळ्यात तळघरात पाणी झिरपलं. भिंतीला ओल आली, मशीन अंगठे ओळखेना. दुरुस्तीवाला म्हणाला, याला इथली हवा सोसत नाही, मोकळ्या जागेत घ्या. सरांनी त्याच दिवशी वायरमन बोलावला. दुपारपर्यंत मशीन गेटजवळ आलं, वर पत्र्याची छोटी टोपी घालून. मॅडम पर्स धरून उभ्या राहायच्या, जवळजवळ तिथेच.

मी रोज तिथे अंगठा लावतो. मशीनकडून अर्ज कुणी मागितला नाही.